एक विद्यार्थी, अनेक विषय: सर्वेक्षणाच्या गणितांत कोणाला किती वेळा मोजायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीत संच शिकताना, बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांत आणि स्पर्धा परीक्षांत एक गणित पुन्हा पुन्हा भेटते: इतक्या मुलांनी हा विषय घेतला, इतक्यांनी तो, इतक्यांनी दोन्ही, तर एकूण मुले किती? सूत्र बहुतेकांना पाठ असते, तरीही उत्तर चुकते. कारण दिलेला आकडा वेन आकृतीतल्या नेमक्या कोणत्या भागाचा आहे हे ठरवण्याआधीच तो सूत्रात टाकला जातो. खाली बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण वापरले आहे, म्हणजे दर वेळी नवे आकडे डोक्यात घ्यावे लागणार नाहीत.

उदाहरण असे. एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाचे १३० विद्यार्थी आहेत. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र जवळजवळ सगळेच घेतात, म्हणून त्यांच्याबद्दल विचारलेच नाही. विचारले ते गणित, जीवशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान या तीन विषयांबद्दल. गणित ७८ जणांनी घेतले आहे, जीवशास्त्र ६४ जणांनी आणि माहिती तंत्रज्ञान ५० जणांनी. गणित आणि जीवशास्त्र घेणारे ३६, गणित आणि माहिती तंत्रज्ञान घेणारे ३०, जीवशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान घेणारे १८. तिन्ही विषय घेणारे १२. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. सूत्रांत A म्हणजे गणित, B म्हणजे जीवशास्त्र, C म्हणजे माहिती तंत्रज्ञान.

७८, ६४ आणि ५० यांची बेरीज १९२ येते. विद्यार्थी तर १३०च आहेत. मग हे १९२ कोण?

ही विद्यार्थ्यांची संख्या नाहीच, ही नावांची संख्या आहे. तिन्ही विषयांचे हजेरीपट एकापुढे एक ठेवून सगळ्या ओळी मोजल्या तर १९२ भरतील. समजा हजेरी क्रमांक २७ च्या मुलीने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले आहेत. तिचे नाव गणिताच्या पटावर आहे आणि जीवशास्त्राच्याही, म्हणून १९२ मध्ये ती दोनदा आली. तिन्ही विषय घेणारा मुलगा तीनदा आला. एकच विषय घेणारा एकदा आला आणि तिन्हींपैकी काहीच न घेतलेला आलाच नाही.

या १९२ चा उपयोग पुढे पडताळ्यासाठी होतो, तेव्हा तो आकडा बाजूला लिहून ठेवावा.

दोन विषय असतील तर छेद एकदा वजा करतो. पण तीन विषयांत आधी वजा करून परत मिळवायचे, हे काय?

दोन विषयांचे सूत्र सरळ आहे:

n(A ∪ B) = n(A) + n(B) − n(A ∩ B)

आपल्या उदाहरणात गणित किंवा जीवशास्त्र घेणारे ७८ + ६४ − ३६ = १०६. क्रमांक २७ ची मुलगी दोनदा मोजली गेली होती, ३६ वजा करताना एकदा वगळली गेली, आता बरोबर एकदा उरली.

तीन विषयांसाठी असे:

n(A ∪ B ∪ C) = n(A) + n(B) + n(C) − n(A ∩ B) − n(A ∩ C) − n(B ∩ C) + n(A ∩ B ∩ C)

इथे तिन्ही विषय घेतलेल्या एका मुलाचा पाठपुरावा करू. पहिल्या तीन आकड्यांत तो तीनदा मोजला गेला. मग जोड्यांचे आकडे वजा केले. तो गणित-जीवशास्त्राच्या ३६ मध्ये आहे, गणित-माहिती तंत्रज्ञानाच्या ३० मध्ये आहे आणि जीवशास्त्र-माहिती तंत्रज्ञानाच्या १८ मध्येही आहे. म्हणजे तो तीनदा वजा झाला. तीनदा आला, तीनदा गेला, शिल्लक शून्य. तो वर्गात बसलेला आहे आणि आपल्या हिशोबात नाही! म्हणून शेवटी तिन्ही विषयांचे १२ पुन्हा मिळवायचे, की तो एकदा मोजला जातो. याच मिळवण्या-वगळण्याला समावेश-वर्जन तत्त्व म्हणतात.

आकडे घालून: १९२ − (३६ + ३० + १८) + १२ = १९२ − ८४ + १२ = १२०. किमान एक विषय घेतलेले विद्यार्थी १२०, आणि तिन्हींपैकी एकही न घेतलेले १३० − १२० = १०.

सूत्र न वापरता वेन आकृतीने सोडवले तर चालते का?

चालते, आणि तीन विषयांपर्यंत मी तोच मार्ग आधी सुचवीन. सूत्राने एकच उत्तर मिळते. आकृती भरली की कोणताही प्रश्न आला तरी उत्तर समोर असते.

तीन वर्तुळे एकमेकांत अडकवून काढली की आठ भाग पडतात: मधला एक, त्याला लागून दोन-दोन विषयांचे तीन, कडेला एकेका विषयाचे तीन आणि चौकटीत पण वर्तुळांबाहेर एक. भरायला सुरुवात मधूनच करायची. बाहेरून सुरुवात केली की ७८ कुठे लिहायचे हा प्रश्न पडतो, कारण ७८ हा कोणत्याही एका भागाचा आकडा नाही, तो अख्ख्या वर्तुळाचा आहे.

मध्ये १२ लिहा. गणित आणि जीवशास्त्र घेणारे ३६ आहेत, त्यांतले १२ मधल्या भागात गेले, म्हणून माहिती तंत्रज्ञान सोडून फक्त हे दोन घेणारे २४. तसेच फक्त गणित आणि माहिती तंत्रज्ञान घेणारे ३० − १२ = १८, आणि फक्त जीवशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान घेणारे १८ − १२ = ६.

आता गणिताचे वर्तुळ पाहा. त्यात ७८ हवेत. त्यांपैकी २४, १८ आणि १२ मिळून ५४ भरले आहेत, म्हणून फक्त गणित घेणारे २४. जीवशास्त्राच्या ६४ पैकी २४, ६ आणि १२ मिळून ४२ भरले, उरले २२. माहिती तंत्रज्ञानाच्या ५० पैकी १८, ६ आणि १२ मिळून ३६ भरले, उरले १४.

सातही भागांची बेरीज २४ + २२ + १४ + २४ + १८ + ६ + १२ = १२०. सूत्राने हेच आले होते. वर्तुळांबाहेर १०.

इथे दोन जागी २४ आले आहेत, फक्त गणिताचे आणि फक्त गणित-जीवशास्त्राचे. तो योगायोग आहे, पण वहीत नुसते २४ लिहून ठेवले तर पुढच्या पायरीत हमखास गोंधळ होतो. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या भागाचा हे लिहावे.

"गणित आणि जीवशास्त्र ३६" यात तिन्ही विषय घेणारे धरायचे की नाही?

धरायचे. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून या प्रश्नावर थोडे थांबू.

"गणित आणि जीवशास्त्र घेणारे" असे म्हटले की तिसऱ्या विषयाबद्दल काहीच म्हटलेले नसते. ज्याने माहिती तंत्रज्ञानही घेतले आहे त्यानेही गणित आणि जीवशास्त्र घेतलेच आहे. म्हणून तो ३६ मध्ये आहे. "फक्त गणित आणि जीवशास्त्र", "गणित आणि जीवशास्त्र हे दोनच विषय", "गणित व जीवशास्त्र, पण माहिती तंत्रज्ञान नाही" अशी भाषा असेल तरच मधले १२ वगळलेले असतात.

आता समजा कोणी ३६, ३० आणि १८ हे आकडे "फक्त दोन" चे समजून थेट आकृतीत भरले. मध्ये १२. मग फक्त गणिताचे ७८ − ३६ − ३० − १२ = ०. इथवर शंका येत नाही. फक्त जीवशास्त्राचे ६४ − ३६ − १८ − १२ = −२. फक्त माहिती तंत्रज्ञानाचे ५० − ३० − १८ − १२ = −१०. उणे दहा विद्यार्थी असू शकत नाहीत, म्हणजे आकड्याचा अर्थ लावतानाच चूक झाली.

इथे चूक पकडली गेली ती नशिबाने. एकेका विषयाचे आकडे मोठे असते, समजा ९८, ८४ आणि ७०, तर चुकीच्या वाचनानेही २०, १८ आणि १० असे सरळ आकडे आले असते आणि एकूण १४४ असे उत्तर निघाले असते. बरोबर उत्तर आहे २५२ − ८४ + १२ = १८०. फरक ३६ चा, म्हणजे १२ च्या तिप्पट. हा फरक नेहमी तिन्ही विषय घेणाऱ्यांच्या तिप्पटच असतो. तीन जोड्यांपैकी प्रत्येकीत हे १२ दडलेले असतात आणि चुकीचे वाचन ते तिन्ही वेळा विसरते. पर्यायी प्रश्नांत पेपर काढणारे बहुधा या चुकीचे उत्तरही पर्यायांत ठेवतात, त्यामुळे "पर्यायात आहे म्हणजे बरोबर" ही खूण इथे उपयोगाची नाही.

"किंवा", "किमान", "नेमके" यांचे अर्थ एकदा नीट सांगाल का?

"गणित किंवा जीवशास्त्र घेणारे" यात दोन्ही घेणारे येतात. रोजच्या बोलण्यात "चहा किंवा कॉफी" म्हटले की एकच मिळते, संचांत तसे नाही. आपल्या उदाहरणात उत्तर १०६. दोन्ही घेणारे नको असतील तर प्रश्नात "दोन्हींपैकी एकच" असे स्पष्ट असते, मग १०६ − ३६ = ७०.

"किमान दोन" किंवा "निदान दोन" म्हणजे दोन किंवा तीन. "नेमके दोन" म्हणजे दोनच. "जास्तीत जास्त एक" यात एकही न घेतलेले १० सुद्धा येतात आणि तेच बहुतेक जण विसरतात. इथे उत्तर ६० नव्हे, ७०.

आणखी एक जागा आहे जिथे घाईत चूक होते. "गणित आहे पण जीवशास्त्र नाही" आणि "फक्त गणित" हे वेगळे आहेत. पहिल्यात माहिती तंत्रज्ञान असो वा नसो, चालते. त्याचे उत्तर ७८ − ३६ = ४२. दुसऱ्याचे उत्तर २४. मधले १८ जण गणितासोबत माहिती तंत्रज्ञान घेतलेले आहेत.

नेमका एक, नेमके दोन यांसाठी वेगळी सूत्रे पाठ करावीत का?

आकृती भरली असेल तर गरज नाही: नेमका एक विषय २४ + २२ + १४ = ६०, नेमके दोन २४ + १८ + ६ = ४८, तिन्ही १२. वेळ कमी असेल आणि फक्त बेरजा दिल्या असतील तर सूत्रे कामाची आहेत, पण ती कुठून येतात हे कळले की पाठ करावी लागत नाहीत.

जोड्यांची बेरीज ८४ आहे. नेमके दोन विषय घेणारा विद्यार्थी एकाच जोडीत बसतो, म्हणून ८४ मध्ये एकदाच येतो. तिन्ही घेणारा तिन्ही जोड्यांत बसतो, म्हणून तीनदा येतो. तेव्हा नेमके दोन = ८४ − ३ × १२ = ४८. किमान दोन हवे असतील तर तिन्हीवाले एकदा ठेवायचे, म्हणून दोनदाच वजा करायचे: ८४ − २ × १२ = ६०.

पडताळा घ्यायला बाजूला ठेवलेले १९२ आता काढा. एक विषयवाल्यांची ६० नावे, दोन विषयवाल्यांची ४८ × २ = ९६, तीन विषयवाल्यांची १२ × ३ = ३६. बेरीज १९२. उत्तर तपासायला अर्धे मिनिट पुरते आणि आकृतीतला एखादा आकडा चुकला असेल तर बहुतेक वेळा इथे लगेच कळते.

तिन्ही विषय घेणारे किती हेच दिले नसेल तर?

त्या भागात x लिहा आणि उरलेले भाग x च्या भाषेत भरा. कोणती माहिती दिली आहे यावर समीकरण ठरते.

एकही विषय न घेतलेले १० आहेत असे दिले असेल, तर किमान एक घेणारे १२०, म्हणून १२० = १९२ − ८४ + x, आणि x = १२.

आता थोडी वेगळी माहिती पाहू. जोड्यांचे आकडे दिलेच नाहीत, फक्त "नेमके दोन विषय घेणारे ४८" एवढे सांगितले. अशा वेळी वरच्या सूत्रात ४८ टाकून १२० = १९२ − ४८ + x असे लिहिणारे अनेक असतात. त्यातून x = −२४ येतो. या ४८ मध्ये मधला भाग नाही, म्हणून सूत्रही बदलायला हवे. नावांच्या हिशोबाने पाहा. १९२ मध्ये नेमके दोन घेणारा दोनदा आला, त्याला एकदा वजा करायचे. तिन्ही घेणारा तीनदा आला, त्याला दोनदा वजा करायचे. १२० = १९२ − ४८ − २x, म्हणून x = १२.

दोन्ही वाटांनी तेच उत्तर आले, पण एका वाटेत x मिळवला आणि दुसरीत २x वजा केला. कोणते चिन्ह घ्यायचे हे दिलेल्या आकड्यात मधला भाग आहे की नाही यावर ठरते.

दिलेली माहितीच चुकीची असू शकते का? कशी ओळखायची?

असू शकते. सराव पुस्तिकांतही असे प्रश्न सापडतात, आणि खऱ्या सर्वेक्षणात तर हमखास. कसोटी एकच: आठही भाग शून्य किंवा त्याहून जास्त, आणि पूर्ण संख्या असायला हवेत. एकही भाग उणे निघाला तर अशी मुले असूच शकत नाहीत, मग सूत्राने उत्तर कितीही नीट येवो.

आपल्या उदाहरणात तिन्ही विषय घेणारे x आहेत असे धरून भाग भरू. फक्त जीवशास्त्र-माहिती तंत्रज्ञानाचे १८ − x होतात, म्हणून x कधीही १८ पेक्षा जास्त असू शकत नाही. कोणी तिन्ही घेणारे २० सांगितले, तर सूत्राने किमान एक घेणारे १२८ येतात. तो आकडा १३० च्या आतच आहे, म्हणून कोणाला शंका येणार नाही. पण त्या भागात −२ बसतात, म्हणजे माहिती खोटी आहे.

उलट बाजूनेही बंधन असते. फक्त माहिती तंत्रज्ञानाचे ५० − ३० − १८ + x, म्हणजे २ + x. तो विषय घेणारे ५० ऐवजी ४० असते तर इथे x − ८ आले असते आणि मग x किमान ८ असणे भाग पडले असते. म्हणजे एखाद्या विषयाच्या दोन जोड्यांची बेरीज त्या विषयाच्या एकूण आकड्यापेक्षा जास्त झाली, तर तिन्ही विषय घेणारे कोणीतरी असलेच पाहिजेत.

छेदाचा आकडाच नसताना "कमीत कमी किती जण" असे विचारतात. ते कसे काढायचे?

अशा प्रश्नात घेतलेल्यांऐवजी न घेतलेल्यांकडे पाहावे. एका वर्गात ६० विद्यार्थी आहेत. गणितात ५० उत्तीर्ण, विज्ञानात ४८ आणि इंग्रजीत ४६. तिन्ही विषयांत उत्तीर्ण झालेले कमीत कमी किती?

नापास झालेले अनुक्रमे १०, १२ आणि १४. हे सगळे वेगवेगळे विद्यार्थी असतील, म्हणजे कोणीही दोन विषयांत नापास झालेला नसेल, तेव्हा कुठेतरी नापास झालेल्यांची संख्या सर्वांत मोठी होते: ३६. म्हणून तिन्हींत उत्तीर्ण झालेले किमान ६० − ३६ = २४. जास्तीत जास्त किती? सर्वांत लहान आकडा, ४६. इंग्रजीत उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांनी बाकीचे दोन्ही विषयही काढले असतील तर तसे होते.

खरे उत्तर २४ ते ४६ मध्ये कुठेही असू शकते. "नेमके किती" असे विचारले असेल आणि याहून जास्त माहिती नसेल, तर प्रश्न अपुरा आहे.

टक्क्यांत दिले असेल तर?

एकूण १०० धरा, तीच पद्धत. गणितात ३० टक्के नापास, इंग्रजीत २५ टक्के, दोन्हींत १० टक्के. मग किमान एका विषयात नापास ३० + २५ − १० = ४५ टक्के, आणि दोन्हींत उत्तीर्ण ५५ टक्के. दोन्हींत उत्तीर्ण झालेले १६५ आहेत असे दिले असेल, तर एकूण विद्यार्थी १६५ ÷ ०.५५ = ३००.

शेवटी टक्क्यांचे परत विद्यार्थी करून पाहावे: ९०, ७५ आणि ३०. कुठे साडेसदतीस विद्यार्थी आले तर मागे फिरावे. आणखी एक काळजी: "गणितात नापास झालेल्यांपैकी १० टक्के इंग्रजीतही नापास" असे असेल तर ते एकूण विद्यार्थ्यांचे १० टक्के नाहीत, ३० टक्क्यांचे १० टक्के, म्हणजे ३ टक्के आहेत.

चार विषय असतील तर?

सूत्र त्याच चालीने पुढे जाते: एकेका विषयाचे चार आकडे मिळवा, जोड्यांचे सहा वजा करा, तीन-तीनचे चार मिळवा, चारही विषयांचा एक वजा करा. चारही विषय घेतलेला विद्यार्थी ४ − ६ + ४ − १ = १ वेळा मोजला जातो. तीनच घेतलेला ३ − ३ + १ = १ वेळा. कितीही विषय असोत, चिन्हे आलटून-पालटून घेतली की प्रत्येक विद्यार्थ्याची मोजणी एकवरच येऊन थांबते.

मधेच थांबलात तर काय होते हेही पाहा. आपल्या तीन विषयांच्या उदाहरणात पहिल्या पायरीनंतर १९२ होते, खऱ्या १२० पेक्षा जास्त. दुसरीनंतर १०८, म्हणजे कमी. मिळवण्याच्या पायरीनंतर थांबलात तर आलेले उत्तर खऱ्या उत्तराहून कमी असू शकत नाही, वजाबाकीनंतर थांबलात तर जास्त असू शकत नाही. तीन-तीन विषयांचे आकडे हाताशी नसताना अंदाज बांधायला हे पुरते.

आकृतीची मात्र अडचण होते. चार विषयांसाठी १६ भाग हवेत आणि चार वर्तुळे कशीही मांडली तरी जास्तीत जास्त १४ भाग पडतात, बाहेरचा धरून. म्हणून फुलाच्या पाकळ्यांसारखी चार वर्तुळे काढून गणित सोडवणाऱ्याच्या हातून दोन भाग गळतात, बहुधा समोरासमोरच्या दोन विषयांचे "फक्त हे दोन" हे भाग. जॉन वेन यांनी १८८० मध्ये या आकृत्या मांडल्या तेव्हा चार संचांसाठी लंबवर्तुळे वापरली होती. परीक्षेत लंबवर्तुळे काढत बसण्यापेक्षा १६ ओळींचा तक्ता करणे मला जास्त भरवशाचे वाटते: प्रत्येक ओळीत चारही विषयांसमोर हो किंवा नाही, आणि शेवटी विद्यार्थ्यांची संख्या.

शाळेत खरेच असे सर्वेक्षण केले आणि उत्तरे एक्सेलमध्ये आहेत. सूत्र लावावे का?

प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ हाताशी असेल तर थेट मोजा, समावेश-वर्जन पडताळ्यापुरते ठेवा. ते लागते ते नुसत्या बेरजा मिळाल्या असतील तेव्हा. समजा B स्तंभात गणित, C मध्ये जीवशास्त्र, D मध्ये माहिती तंत्रज्ञान आहे, विषय घेतला असेल तिथे 1 आहे, आणि १३० विद्यार्थी दुसऱ्या ओळीपासून १३१ व्या ओळीपर्यंत आहेत. गणित आणि जीवशास्त्र घेणारे असे मोजता येतात:

```
=COUNTIFS(B2:B131,1,C2:C131,1)
```

आपल्या आकड्यांवर याचे उत्तर ३६ येईल. माहिती तंत्रज्ञान न घेतलेले, म्हणजे फक्त हे दोन घेणारे हवे असतील तर:

```
=COUNTIFS(B2:B131,1,C2:C131,1,D2:D131,"<>1")
```

उत्तर २४. इथे शेवटी "<>1" ऐवजी 0 लिहिले तर एक खोट निघते. विषय न घेतलेल्यांचा रकाना बऱ्याच जणांनी रिकामा सोडलेला असतो आणि COUNTIFS रिकाम्या रकान्याला शून्य मानत नाही. मग २४ च्या जागी कमी आकडा येतो, कुठेही त्रुटीचा संदेश दिसत नाही, आणि आठ भागांची बेरीज १३० भरत नाही.

"<>1" ने ती अडचण सुटते, पण मग रिकामा रकाना म्हणजे "विषय घेतला नाही" असेच धरले जाते. फॉर्म न भरता परत दिलेली मुलेही त्यामुळे एकही विषय न घेतलेल्या १० मध्ये जाऊन बसतात. म्हणून विश्वसंच ठरवताना १३० हा पटावरचा आकडा घ्यायचा की प्रत्यक्ष उत्तर दिलेल्यांचा, हे मोजणीच्या आधी ठरवावे. फॉर्ममध्ये "यांपैकी एकही नाही" असा वेगळा पर्याय ठेवला तर उत्तर न दिलेले आणि विषय न घेतलेले वेगळे ओळखता येतात.